नळ सगळे बंद, मग मीटरचा काटा कशाला फिरतोय?

खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली की पहिला संशय वरच्या बाथरूमवर जातो. प्लंबर येतो, टाइल्सवर दोन टिचक्या मारतो आणि 'फोडावं लागेल' म्हणतो. कुठे फोडायचं, किती फोडायचं, हे त्यालाही नक्की माहीत नसतं. हातोडा उचलण्याआधी एक काम फुकटात होतं. घरात पाण्याचा मीटर असेल, तर सगळे नळ बंद करून तो वाचायचा. गळती आहे की नाही, असली तर किती आहे आणि बाथरूमच्या कुठल्या भागात आहे, इथपर्यंत तो घेऊन जातो. पण त्याआधी त्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे कळायला हवं.

सुरुवात मीटर कुठे बसवलाय इथून करावी लागते. आपल्याकडे बहुतेक इमारतींत महापालिकेचं पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत येतं, तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि मग उताराने प्रत्येक घरात उतरतं. महापालिकेचा मीटर या साखळीच्या पहिल्याच टोकाला, जमिनीखालच्या टाकीच्याही अलीकडे असतो. तुमच्या फ्लश टँकमधून रात्रभर पाणी वाहत असलं तरी तो मीटर त्या वेळी ढिम्म हलत नाही. पाणी जातंय ते गच्चीवरच्या टाकीतून, आणि मीटरला त्याचा पत्ता दुसऱ्या दिवशी टाकी भरताना लागतो, तोही सगळ्या बिल्डिंगच्या वापरात मिसळून. पुण्यात महापालिकेने बसवलेल्या, दुरूनच रीडिंग पाठवणाऱ्या एएमआर मीटरचंही असंच आहे. ते कितीही आधुनिक असले तरी इमारतीच्या तोंडाशी बसलेले असतात, त्यामुळे तुमच्या बाथरूमबद्दल त्यांना वेगळं असं काही सांगता येत नाही.

आपल्या कामाचा मीटर वेगळा. गच्चीवरून येणारी लाईन फ्लॅटमध्ये शिरते तिथे, बहुतेक वेळा डक्टमध्ये, बऱ्याच सोसायट्यांनी प्रत्येक घराचा स्वतंत्र मीटर बसवून घेतलाय. जुन्या इमारतींत स्वयंपाकघराची लाईन वेगळी, प्रत्येक बाथरूमची वेगळी, म्हणून एकाच फ्लॅटला दोन-तीन मीटर असतात. सेक्रेटरीला रीडिंग घेताना त्याचा वैताग येतो, पण गळती शोधताना हाच प्रकार पथ्यावर पडतो, कारण बाथरूमचा मीटर फक्त बाथरूमचाच हिशेब ठेवतो. साताऱ्यातल्या मलकापूरसारख्या ठिकाणी २४ तास पाणी आहे. तिथे मधे टाकी न ठेवता थेट नळाला लाईन जोडलेली असेल, तर बाहेरचा मीटरही असाच वापरता येतो. बंगल्यात मीटर रस्त्यालगत आणि टाकी गच्चीवर असते. त्याची तऱ्हा थोडी निराळी आहे, तिच्याकडे नंतर येऊ.

आता डायल. घरगुती अर्ध्या इंची मीटरवर मधोमध आकड्यांची काळी पट्टी असते. ती घनमीटर दाखवते, म्हणजे तिथला एक आकडा पुढे सरकला की हजार लिटर गेले. महिन्याच्या बिलाला एवढं पुरतं, गळतीला नाही. गळतीसाठी खालच्या चार छोट्या लाल काट्यांकडे पाहायचं. त्यांच्या शेजारी ×०.१, ×०.०१, ×०.००१ आणि ×०.०००१ असं लिहिलेलं असतं. शेवटचा, म्हणजे ×०.०००१ चा काटा सगळ्यात चपळ. त्याचं एक घर म्हणजे १०० मिली आणि पूर्ण फेरा म्हणजे एक लिटर. त्याच्या आधीच्या काट्याचा फेरा दहा लिटरचा, त्याआधीच्याचा शंभरचा आणि पहिल्याचा हजारचा. डायलवरच एक चिमुकली चांदणी किंवा दातेरी चक्रीही असते. अगदी थोडं पाणी गेलं तरी आधी ती फिरते. तिच्यावर आकडे नसतात, 'पाणी चाललंय' एवढंच ती सांगते.

वाचताना काटा दोन आकड्यांच्या मधे असेल तर मागचा, म्हणजे लहान आकडा घ्यायचा. नऊ आणि शून्याच्या मधे असेल तर नऊ. गडबड होते ती काटा बरोबर आकड्यावर उभा दिसतो तेव्हा. समजा ×०.१ चा काटा नेमका आठवर आहे. तो आठ धरायचा की अजून सातच? उत्तर पुढचा काटा देतो. तो शून्याच्या पुढे गेला असेल तर आठ, नऊच्या आसपास रेंगाळत असेल तर सात. इथे चुकलं तर हिशेबात थेट शंभर लिटरचा घोळ होतो. म्हणून मी तर सरळ मोबाईलवर फोटो काढून ठेवायला सांगतो. फोटोवर वेळही येते, आणि नंतर वाद झालाच तर तो दाखवता येतो.

चाचणीसाठी रात्रीची वेळ उत्तम. झोपण्याआधी सगळे नळ बंद आहेत ना ते पाहायचं आणि आपोआप पाणी घेणाऱ्या वस्तू आठवून आठवून बंद करायच्या. वॉशिंग मशीन, पाणी शुद्ध करणारं यंत्र, कूलरला जोडलेली नळी. जेट स्प्रेच्या मागचा कॉकही बंद करायचा, कारण बहुतेक घरांत तो कायम उघडाच असतो आणि सगळा भार स्प्रेच्या खटक्यावर असतो. फ्लशचा अँगल कॉक मात्र पहिल्या रात्री चालूच ठेवायचा, कारण मुख्य संशयित तोच. फ्लश टँक पूर्ण भरून पाण्याचा आवाज थांबला की मग फोटो. सकाळी कोणीही नळाला हात लावायच्या आत दुसरा फोटो. घरात रात्री उठणारं कोणी वडीलधारं माणूस असेल तर फ्लशऐवजी भरून ठेवलेल्या बादलीतलं पाणी वापरायला सांगायचं.

पाच-दहा मिनिटं काट्याकडे पाहून निकाल का लावू नये? कारण काही फ्लश टँकचा बॉल कॉक पाण्याची पातळी चांगली दोनेक सेंटीमीटर उतरल्याशिवाय उघडतच नाही. खालच्या रबरातून थेंब थेंब पाणी भांड्यात जात राहतं, पातळी हळूहळू उतरते आणि मग एकदम कॉक उघडून लिटर-सव्वा लिटर पाणी भरून घेतो. गळती तासाला सहा लिटरची असेल तर मीटर दहा-बारा मिनिटं अगदी शांत राहणार आणि मग थोडा वेळ पळणार. त्या शांत वेळात तुम्ही टॉर्च घेऊन डक्टमध्ये डोकावलात तर 'काही नाही' म्हणून परत याल. रात्री फ्लश कोणी वापरलेला नसताना टाकी मधूनच भरल्याचा आवाज येतो, तो हाच प्रकार.

आमच्याच सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचं उदाहरण घेतो, कारण त्यात या चाचणीतला एक मोठा सापळाही दिसतो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूमला आणि बाहेरच्या पॅसेजच्या छताला ओल आली होती. वरच्यांनी रात्री अकराला बाथरूमच्या मीटरचा फोटो काढला. पट्टीवर ४१२, काटे अनुक्रमे ६, ३, ८ आणि ५. म्हणजे ४१२.६३८५ घनमीटर. सकाळी सहाला पट्टी तीच, पण काटे ८, ०, ६, ५ वर. म्हणजे ४१२.८०६५. (मघाशी सांगितलेला आठाचा घोळ इथेच होतो. पहिला काटा आठवर जेमतेम पोचलेला होता, पण पुढचा शून्य ओलांडून गेला होता, म्हणून आठच.) फरक ०.१६८ घनमीटर, म्हणजे १६८ लिटर. सात तासांत १६८, म्हणजे तासाला २४ आणि दिवसाला ५७६ लिटर. पाचशे लिटरची टाकी रोज रिकामी होईल एवढं पाणी, आणि घरात एकही नळ गळताना दिसत नव्हता.

पुढची पायरी संशयित एकेक करून वगळायची. तासाला २४ लिटर म्हणजे शेवटच्या काट्याचा एक फेरा अडीच मिनिटांत. सकाळी तो तसा फिरताना दिसत होताच. मग फ्लशचा अँगल कॉक बंद केला. काटा थांबला, चांदणीही थांबली. सगळ्यांना हायसं वाटलं. टँकमध्ये खायचा लाल रंग टाकला तर फ्लश न करता वीस मिनिटांत भांड्यातलं पाणी गुलाबी झालं. टँकच्या तळातल्या झडपेच्या रबरावर क्षारांचा थर जमला होता आणि ते नीट टेकत नव्हतं. रबर बदललं, पुन्हा रंग टाकून पाहिला, भांडं स्वच्छ. मीटरही शांत.

फ्लशच्या बाबतीत एक गोष्ट इथेच सांगतो. रंग भांड्यात उतरला म्हणजे रबरच गेलं असं नाही. बॉल कॉक जास्त वर सेट झाला असेल तर पाणी टँकमधल्या उभ्या ओव्हरफ्लो नळीच्या तोंडातून आत पडत राहतं. झाकण काढून पातळी पाहिली की कळतं. पाणी नळीच्या तोंडापासून दोन-अडीच सेंटीमीटर खाली थांबायला हवं. ते काठोकाठ असेल तर रबर बदलून काही फरक पडणार नाही, बॉल कॉक खाली करावा लागेल. भिंतीतल्या टँकचं झाकण काढता येत नाही, पण बटणाची पट्टी काढली की आत हात घालण्यापुरती जागा असते आणि त्याचा छोटा कॉकही तिथेच सापडतो.

तर फ्लश दुरुस्त झाला, मीटर थांबला. पण काकूंच्या छताची ओल काही कमी होईना. खरं तर व्हायची नव्हतीच. फ्लशची गळती भांड्यात पडून ड्रेनेजला जाते, ती छतात उतरायचं कारणच नाही. मग ओल कशाची? आणि मीटर का थांबला?

इथे मीटरची मर्यादा आडवी येते. आत पाण्याच्या जोराने फिरणारा पंखा असलेल्या यांत्रिक मीटरला फिरायला किमान काही प्रवाह लागतोच. डायलवर 'क्लास बी' आणि 'क्यूएन १.५' असं लिहिलेलं असेल, तर तासाला ३० लिटरच्या वर तो भरवशाचा. तिथून १२० लिटरपर्यंत पाच टक्क्यांची चूक त्याला माफ असते, त्याच्या वर दोन टक्क्यांची. तीसच्या खाली तो फिरतो, पण कमी मोजतो. आणि साधारण दहा-पंधरा लिटरच्या खाली गेलं की पाणी पंख्याच्या बाजूने निसटतं आणि तो उभाच राहतो. मीटर जुना असेल, आत गाळ साचला असेल तर ही हद्द आणखी वर सरकते. म्हणजे मघाचे 'तासाला २४ लिटर' हे खरं तर 'निदान २४' होते. त्यात बहुतांश वाटा फ्लशचा होता, पण सोबत एक छोटी गळती भिंतीतही होती. दोन्ही मिळून मीटरला दिसत होत्या. फ्लश बंद केल्यावर उरलेली एकटी गळती त्याच्या नजरेखाली गेली, आणि काटा थांबला म्हणून सगळ्यांनी प्रश्न सुटला असं धरलं. दोन गळत्यांपैकी मोठी सापडली की लहान आपोआप लपते, हे या चाचणीतलं सगळ्यात फसवं ठिकाण.

आपल्या मीटरची हद्द कुठे आहे, ते घरीच तपासता येतं. बाथरूमचा एक नळ अगदी बारीक धारेवर सोडायचा आणि एक लिटरची बाटली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहायचं. चार मिनिटं लागली तर तो तासाला १५ लिटरचा प्रवाह झाला, दोन मिनिटं लागली तर ३०. एकाने धार सांभाळायची, दुसऱ्याने डक्टमधल्या चांदणीकडे पाहायचं. १५ च्या धारेला चांदणी हलत नसेल, तर त्या मीटरच्या 'गळती नाही' या उत्तराचा अर्थ 'तासाला १५ लिटरपेक्षा जास्त गळती नाही' एवढाच. आणि तासाला १५ म्हणजे दिवसाला ३६० लिटर, काही कमी नाही. सेकंदाला एक थेंब टपकणारा नळ तर दिवसाला जेमतेम पाच-दहा लिटर सांडतो. असला नळ कोणत्याही यांत्रिक मीटरला दिसत नाही, त्याच्याखाली तांब्या ठेवणं हाच उपाय.

मग हद्दीखालची गळती मीटरने पकडायची कशी? त्याला आधी आपणच फिरवायचं. एक नळ मोजक्या धारेवर सोडून सगळं पाणी बादलीत घ्यायचं आणि तासाभराने बादलीतलं पाणी आणि मीटरचं रीडिंग यांची तुलना करायची. नळाच्या धारेने पंखा आधीच फिरत असतो, त्यामुळे गळतीचं पाणीही आता मोजलं जातं. बादलीत आलं ते नळाचं, मीटरमध्ये त्याच्या वर दिसलं ते गळतीचं. त्या फ्लॅटमध्ये असंच केलं. फ्लशचा कॉक बंद ठेवून नळ तासभर बारीक सोडला. बादल्यांतलं पाणी लिटरच्या मापाने मोजलं तर ३६ लिटर भरलं. मीटर म्हणाला ४४. पाच टक्के चूक धरली तरी ती दोन लिटरच्या आसपास, आठ नाही. म्हणजे तासाला आठेक लिटर पाणी कुठेतरी भिंतीत मुरत होतं. एकट्याने ते मीटरला कधीच हलवू शकलं नसतं. बादली मोजताना मात्र अंदाजपंचे करू नका. वीस लिटरची म्हणून विकत घेतलेल्या बादलीत कडेपर्यंत वीस मावतातच असं नाही.

आता गरम की गार? गीझरला गार पाणी जिथे शिरतं तिथे अँगल कॉक असतो. तो बंद केला की गीझर आणि त्याच्यापुढची मिक्सरपर्यंतची गरम पाण्याची सगळी पाइप मीटरपासून तुटते. मग बादलीची तीच चाचणी पुन्हा केली. या वेळी बादलीत ३६ आणि मीटरवर साडेछत्तीस. गळती नाहीशी झाली, म्हणजे ती गरम लाईनवर होती. गार पाण्याच्या सगळ्या पाइपा सुटल्या आणि फोडायची जागा गीझर ते शॉवरचा मिक्सर एवढ्या पट्ट्यावर आली. गीझर तापवून त्या पट्ट्यावरच्या टाइल्स हाताने चाचपल्या तर मिक्सरच्या उजव्या बाजूची एक टाइल कोमट लागत होती. तीच एक फोडली. आत सीपीव्हीसी पाइपचा एल्बो सांध्यात झिरपत होता. सुरुवातीला प्लंबरने अख्खी भिंत सांगितली होती.

वगळत जाण्याच्या या पद्धतीत दगा देतात ते कॉक. पुष्कळ वर्षं न फिरवलेला कॉक बंद केला तरी आतून थोडं पाणी सोडतच राहतो. प्लंबर याला 'कॉक पास होतोय' म्हणतात. मग कॉक बंद करूनही काटा फिरत राहतो आणि आपण भलतीकडे शोधत बसतो. म्हणून कॉक बंद केल्यावर त्याच्या पुढचा नळ उघडून पाहायचा. पाणी पूर्ण थांबलं तरच त्या कॉकवर विसंबायचं. जुना गेट व्हॉल्व्ह असेल तर फार जोर लावू नका. आतली दांडी तुटली तर ना धड बंद ना धड चालू अशी गत होते, आणि मग गच्चीवरचा मेन बंद करून अख्ख्या बिल्डिंगचं पाणी थांबवावं लागतं.

उलटाही प्रकार होतो. काटा हलतो पण गळती नसते. चांदणी थोडी पुढे, थोडी मागे अशी थरथरत असेल तर ते बहुतेक दाबाचं काम. वर पंप चालू झाला, शेजारच्यांनी नळ सोडला, लाईनमध्ये हवा अडकली, की पाणी पाइपात पुढेमागे हलतं. एकाच दिशेने, न थांबता फिरणारी चांदणी तेवढी खरी. म्हणूनही दोन रीडिंगमधला फरक महत्त्वाचा, कारण थरथरीची बेरीज शून्याच्या जवळ येते. जिथे पाणी ठरावीक वेळेलाच येतं, तिथे पाणी यायच्या सुरुवातीला पाइपातली हवाही मीटर फिरवते. त्या वेळी बाहेरचा मीटर नुसता फिरताना दिसला म्हणून गळती समजू नये.

गच्चीवर सोसायटीचं सामायिक सोलर असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. एक, सोलरचं गरम पाणी वेगळ्या लाईनने येतं आणि बहुतेक ठिकाणी तुमच्या मीटरमधून जातच नाही, त्यामुळे त्या लाईनची गळती इथे दिसणार नाही. दुसरी गंमत अशी, की मिक्सरची गरम-गार दोन्ही बटणं उघडी ठेवून पुढे फक्त स्प्रेच्या खटक्याने पाणी थांबवलं असेल, तर आतल्या आत गार पाणी गरम लाईनमध्ये घुसू शकतं. दोन लाईनींच्या दाबात फरक असला आणि मधे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह नसला तर तुमचं मोजलेलं गार पाणी दुसऱ्याच्या गरम नळातून बाहेर पडतं. मीटर फिरतो, घरात थेंबही सांडत नाही आणि गळती काही केल्या सापडत नाही. मिक्सरची दोन्ही बटणं नीट बंद केली की काटा थांबतो.

आता बंगला. मीटर रस्त्याजवळ, टाकी गच्चीवर, मधे बॉल कॉक. टाकी भरून बॉल कॉक बंद झाला आणि रस्त्याच्या लाईनला पाणी असताना मीटर फिरतच राहिला, तर दोष मीटर ते टाकी या पाइपात किंवा नीट न मिटणाऱ्या बॉल कॉकमध्ये. बाथरूमबद्दल हे काहीच सांगत नाही. बाथरूमसाठी स्कूटरचं ॲव्हरेज काढतात तीच युक्ती: फुल टू फुल. रात्री टाकी पूर्ण भरून बॉल कॉक बंद झाल्यावर रीडिंग घ्यायचं. रात्रभर नळ बंद. सकाळी पाणी आल्यावर, घरात कोणी नळ उघडायच्या आधी टाकी पुन्हा पूर्ण भरू द्यायची आणि मीटर थांबल्यावर दुसरं रीडिंग. जेवढं भरलं तेवढं रात्री गेलं. बोअरचं पाणी त्याच टाकीत येत असेल तर बोअर बंद हवी, नाहीतर हिशेबाला अर्थ नाही.

या पद्धतीचा फायदा असा की गळती कितीही बारीक असली तरी टाकीतली तूट रात्रभर साठत जाते आणि सकाळी ती भरून काढताना प्रवाह जोरात असल्यामुळे मीटर ती नीट मोजतो. तोटा म्हणजे बॉल कॉक दर वेळी नेमक्या त्याच पातळीला मिटत नाही. एक मीटर दहा सेंटीमीटर व्यासाच्या टाकीत एक सेंटीमीटर पाणी म्हणजे साडेनऊ लिटर. बॉल कॉकची दोन सेंटीमीटरची लहर म्हणजे वीसेक लिटरचा फरक. त्यामुळे रात्रीत वीस लिटरच्या आतला फरक आला तर गळती समजू नका, पुढच्या रात्री पुन्हा पाहा. सकाळी पाणी येतच नसेल तर टाकीच्या आत पट्टी उभी धरून रात्रीची आणि सकाळची पातळी मोजली तरी तेच उत्तर मिळतं. फक्त टाकीत येणारी लाईन रात्री बंद ठेवायची.

आणि समजा या सगळ्यातून काहीच निघालं नाही. रात्रीचं रीडिंग जसंच्या तसं, बादली आणि मीटर जुळताहेत, तरी खालच्या छताला ओल आहेच. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं. मग गळती मीटर ज्या बाजूला पाहतच नाही त्या बाजूला आहे, म्हणजे वापरून झालेल्या पाण्याच्या बाजूला. नहाणी ट्रॅपच्या भोवतीची फट, कमोडच्या बुडाचा सांधा, फरशीच्या टाइल्समधली ग्राउट गेलेली जागा, ड्रेनेजच्या पाइपचा सांधा. हे पाणी आधीच मोजून झालेलं असतं, त्यामुळे मीटरला त्याचं काही नाही. ओलीच्या वागण्यातूनही हा फरक कळतो. दाबाच्या पाइपची गळती दिवसरात्र सारखीच, घरची मंडळी गावाला गेली तरी ओल तशीच राहते. नहाणीची ओल मात्र आंघोळींच्या वेळेनंतर वाढते आणि घर आठवडाभर बंद राहिलं की फिकी पडायला लागते.

फरशीचा संशय असेल तर नहाणी ट्रॅपचं तोंड कापडाच्या बोळ्याने घट्ट बंद करून बाथरूममध्ये उंबऱ्याच्या खाली राहील एवढं, इंचभर पाणी साठवायचं. भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण करायची आणि २४ तास बाथरूम वापरायचं नाही. पाणी खुणेपासून दिसण्याइतकं उतरलं किंवा खाली नवी ओल आली तर फरशी. दोन्ही नसेल तर बोळा काढून पाणी एकदम ट्रॅपमधून जाऊ द्यायचं आणि खालच्या घरी कोणाला तरी छताकडे लक्ष ठेवायला सांगायचं. त्यानंतर ओल वाढली तर ट्रॅप किंवा ड्रेनेजचा सांधा. खालच्या काकूंना मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर अचानक छतातून थेंब पडायला लागल्यावर त्या वर येतील आणि मीटरचे फोटो पाहायच्या मनःस्थितीत नसतील.